‘विनंती विशेष’पासून सुरू होणारं पत्र

शिरोली एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्याच्या ऑफिसात आण्णांनी मला त्यांच्या मेलचा ‘सेंट’ फोल्डर उघडून दाखवला. निर्यातीचा पत्रव्यवहार लिहून देणं हा माझा धंदा, त्यामुळे असे फोल्डर मी बरेच पाहिले आहेत. तरी हा पाहून मी कपाळावर हात मारला. इंग्लंडातल्या साठ डिस्ट्रिब्युटरांना एकच मेल गेला होता, आणि साठही पत्ते वरच्या ‘टू’च्या रकान्यात एकापुढे एक मांडलेले होते. म्हणजे प्रत्येकाला बाकीच्या एकोणसाठ जणांची, त्याच्या धंद्यातल्या प्रतिस्पर्ध्यांची, यादी घरपोच मिळाली होती.

“साठ टाकले मॅडम, एकाचंबी उत्तर न्हाई,” आण्णा म्हणाले. “एक आलतं, ते पण सुट्टीवर हाय म्हणून आपोआप आलेलं.”

आण्णांचा माल वाईट नाही. ते स्टेनलेस स्टीलचे कॅमलॉक करतात. टँकरमधून डिझेल किंवा रसायन उतरवताना जाड नळी जिथे जोडतात, तिथे कानासारखे दोन दांडे असलेला सांधा अनेकांनी पाहिला असेल. नळीचं टोक आत सरकवायचं, दोन्ही कान ओढून मिटवायचे, सांधा घट्ट. पान्हा लागत नाही, आटे फिरवावे लागत नाहीत. मेणाच्या नमुन्यावर सिरॅमिकचा थर चढवून, मेण वितळवून काढून, त्या पोकळीत धातू ओतून आण्णा हे सांधे करतात. आजवर त्यांचा माल मुंबईच्या एका निर्यातदारामार्फत अमेरिकेला जात होता. आता त्यांना स्वतःच्या नावाने इंग्लंडात विकायचा होता. त्यासाठी हवा होता तिथला एखादा डिस्ट्रिब्युटर आणि त्याच्याशी पहिलं बोलणं.

त्यांच्या मेलची सुरुवात अशी होती: आदरणीय महोदय, आम्ही या क्षेत्रातले अग्रगण्य उत्पादक व निर्यातदार असून जागतिक दर्जाची उत्पादनं स्पर्धात्मक दरात देतो. पुढे स्थापनेचं वर्ष, यंत्रांची यादी, ‘आपल्या कृपाळू उत्तराची प्रतीक्षा’, आणि खाली 14 एमबीचा कॅटलॉग.

जुन्या मराठी पत्रात मायना झाला की ‘स.न.वि.वि.’ यायचं, सप्रेम नमस्कार विनंती विशेष, आणि त्यानंतर खरी गोष्ट सुरू व्हायची. आण्णांच्या पत्रात नमस्कार भरपूर होता, विनंती होती, ‘विशेष’ काहीच नव्हतं. हे पत्र कॅमलॉकऐवजी कुलपं विकणाऱ्यालाही चाललं असतं.

मुळात समोरचा माणूस कोण, हे समजून घेतलं पाहिजे. डिस्ट्रिब्युटर हा गिऱ्हाईक नव्हे. त्याच्या गोदामात कॅमलॉक आधीच आहेत, ते विकले जाताहेत, जुना पुरवठादार बरा चालला आहे. नवा पुरवठादार त्याला थोडा स्वस्त पडेलही, पण बिघडलं तर काय होईल याचा हिशोब तो आधी करतो. आटे जुळले नाहीत तर माल परत येणार. 316 म्हणून घेतलेलं स्टील 304 निघालं तर रसायनाच्या कारखान्यात सांधा गंजणार आणि गिऱ्हाईक त्याच्या दारात येणार. माल महिनाभर उशिरा आला तर रॅक रिकामा. पहिल्या मेलने दर पटवायचा नसतो. ‘या माणसाशी पंधरा मिनिटं बोललो तर वेळ फुकट जाणार नाही आणि फसगत होणार नाही’ एवढंच पटवायचं असतं.

म्हणून लिहायला बसण्याआधी आम्ही साठांची यादी चाळायला घेतली. ब्रिटनमध्ये ‘कंपनीज हाउस’ नावाचं सरकारी निबंधक कार्यालय आहे आणि त्याची नोंदवही इंटरनेटवर कुणालाही फुकट पाहता येते. कंपनी चालू आहे की बंद, संचालक कोण, गेल्या वर्षीचा ताळेबंद काय, सगळं तिथे असतं. छोट्या कंपन्या संक्षिप्त ताळेबंद देतात, तरी त्यात मालाचा साठा किती रकमेचा हे बहुधा कळतं. साठांपैकी काही कंपन्या बंदच पडलेल्या निघाल्या. काही इतक्या लहान होत्या, की परदेशातून थेट माल मागवणं त्यांच्या आवाक्यातलं नव्हतं.

ही नोंदवही आणखी एका कारणासाठी पाहायची. ओळख नसलेल्या माणसाला व्यापारी मेल पाठवणं प्रत्येक देशात चालत नाही. ब्रिटनच्या 2003 च्या नियमांनुसार मर्यादित कंपनीला असा मेल आधी परवानगी न घेता पाठवता येतो. मात्र आपण कोण हे लपवायचं नाही, आणि ‘पुन्हा पाठवू नका’ असं कळवायला चालू पत्ता द्यायचा. एकट्याने धंदा करणाऱ्या व्यापाऱ्याला हाच मेल पाठवायचा तर आधी त्याची संमती लागते. जर्मनीत अनुचित स्पर्धेविरुद्धच्या कायद्याचं कलम 7 याहून कडक आहे. तिथे कंपनीलाही आधी स्पष्ट संमती नसताना जाहिरातीचा मेल पाठवणं म्हणजे उपद्रव समजतात. जर्मनीसाठी प्रदर्शन, साधं टपाल किंवा तिथल्या कुणाची ओळख काढणं हेच बरं. आण्णांनी इंग्लंड निवडलं होतं ते त्यांच्या भाच्याच्या सांगण्यावरून, पण निवड चांगली निघाली.

त्यानंतर उरलेल्यांचे कॅटलॉग. इथे आम्ही पूर्ण दोन दिवस घातले आणि ते वसूल झाले. पहिला प्रश्न असा, की हा डिस्ट्रिब्युटर कॅमलॉक कुणाच्या नावाने विकतो? एखाद्या मोठ्या कंपनीचा ब्रँड मिरवत असेल, तर त्याचा तिच्याशी करार असण्याची शक्यता मोठी. तिथे आण्णांनी लिहून उपयोग नव्हता. स्वतःच्या नावाने किंवा बिननावाने विकत असेल, तर तो माल कुठून तरी घेतो आणि उद्या दुसरीकडून घेऊ शकतो. एवढ्या एका चाळणीने यादी नऊवर आली.

या नवांतला एक इंग्लंडच्या मिडलँड्स भागातला, नळ्या आणि त्यांचे सांधे विकणारा. त्याच्या कॅटलॉगात 316 स्टेनलेसचे कॅमलॉक अर्ध्या इंचापासून 4 इंचापर्यंत ‘साठ्यात उपलब्ध’ होते. 5 आणि 6 इंचांपुढे मात्र लिहिलं होतं ‘मागणीनुसार’. आण्णांच्या रॅकवर 6 इंचाचे तयार नग पडून होते. आम्हाला आमचं ‘विशेष’ सापडलं.

आणि त्याच कॅटलॉगात आण्णांची एक चूकही सापडली. इंग्लंडातले आटे बीएसपी मापाचे असतात, अमेरिकेतले एनपीटी. एकाचा कोन 55 अंश, दुसऱ्याचा 60. 2 इंचाच्या आट्यात बीएसपीला इंचामागे 11 फेरे, एनपीटीला साडेअकरा. एकात दुसरं फिरवलं तर सुरुवातीला लागल्यासारखं वाटतं, मग अडतं आणि सांधा गळतो. अर्ध्या आणि पाऊण इंचात तर दोन्हीकडे 14 फेरे, त्यामुळे तिथे फसगत जास्त. आण्णांचा 14 एमबीचा कॅटलॉग अमेरिकेसाठी बनवलेला, पहिल्या पानापासून एनपीटी. बीएसपीही ते करतात, पण तसं कुठे छापलेलंच नव्हतं. ज्या कुणी इंग्रज माणसाने तो उघडला असेल, त्याने पहिलं पान पाहूनच मिटला असेल.

पण कुणी उघडला तरी असेल का, हीच शंका होती. आण्णांची वेबसाइट होती, त्या नावाचा मेलही होता. आण्णांच्या मेलवरून मी माझ्या जीमेलवर एक मेल मागवला. जीमेलमध्ये मेलच्या कोपऱ्यातले तीन ठिपके दाबून Show original उघडलं, की वर एक तक्ता दिसतो. त्यात SPF, DKIM आणि DMARC या तिन्हींपुढे PASS हवं. आण्णांच्या SPF पुढे FAIL होतं आणि DKIM ची ओळच नव्हती.

ही तपासणी म्हणजे पाकिटावरचा शिक्का खरा आहे का हे पाहण्यासारखी आहे. अमुक सर्व्हरला आमच्या नावाने मेल पाठवायची परवानगी आहे, असं कंपनी आपल्या डोमेनच्या नोंदीत लिहून ठेवते. ती नोंद दिसते अशी:

```
v=spf1 include:_spf.google.com ~all
```

आण्णांनी दोन वर्षांपूर्वी मेलची सेवा बदलली, गुगलकडे गेले. नोंदीत मात्र जुन्याच कंपनीचं नाव राहिलं. त्यामुळे त्यांचा प्रत्येक मेल समोरच्या सर्व्हरला दुसऱ्याच्या नावाने आलेला वाटत होता. फेब्रुवारी 2024 पासून गुगल आणि याहूने या तपासण्या कडक केल्या आहेत. आण्णांच्या साठ मेलपैकी किती स्पॅममध्ये गेले हे सांगता येत नाही, पण बरेच गेले असणार. वेबसाइट सांभाळणाऱ्या मुलाने तासाभरात नोंदी दुरुस्त केल्या. दुसऱ्या दिवशी तिन्ही ठिकाणी PASS आलं, तेव्हा कुठे आम्ही मजकुराला हात घातला.

मेल कुणाला पाठवायचा हाही प्रश्न होताच. वेबसाइटवर ‘सेल्स’चा पत्ता ठळक असतो, पण तिथे बसलेली माणसं विकण्यासाठी असतात. त्यांना विकायला आलेला मेल ती पुढे ढकलतीलच असं नाही. आम्ही फोन केला. ‘स्टेनलेस फिटिंगची खरेदी कोण पाहतं?’ एवढाच प्रश्न. फोन घेणाऱ्या बाईंनी नाव सांगितलं आणि पत्ताही दिला. साध्या प्रश्नाला साधं उत्तर मिळतं, याचं आण्णांना फार आश्चर्य वाटलं.

मग पत्र. मूळ इंग्रजीत होतं, त्याचा मराठी मजकूर असा. विषय: ‘6 इंची 316 कॅमलॉक, बीएसपी: तयार साठा’.

‘तुमच्या कॅटलॉगात 316 कॅमलॉक 4 इंचापर्यंत साठ्यात आहेत, 5 आणि 6 इंच मागणीनुसार. आम्ही कोल्हापूरला हे सांधे ओततो आणि घडवतो. 6 इंचाचे सी आणि ई प्रकार आमच्याकडे आत्ता तयार आहेत. आट्याचे प्रकार बीएसपीमध्ये चार आठवड्यांत कारखान्यातून निघतात, जहाजाचे दिवस वेगळे. प्रत्येक नगावर हीट नंबर ओतलेला असतो आणि त्याचं 3.1 प्रमाणपत्र मालासोबत येतं. कमीत कमी मागणी एका मापाचे 25 नग. आजवर आमचा माल एका निर्यातदारामार्फत अमेरिकेला गेला आहे, ब्रिटनमध्ये आमचं गिऱ्हाईक नाही. हा माल तुमच्या उपयोगाचा आहे का, हे पाहायला पंधरा मिनिटं बोलता येईल का? येत्या मंगळवारी किंवा गुरुवारी, तुमच्या दुपारी दीड वाजता. हा विषय तुमच्या कामाचा नसेल तर तसं कळवा, पुन्हा लिहिणार नाही.’

खाली आण्णांचं नाव, कारखान्याचा पूर्ण पत्ता, फोन. कॅटलॉग नाही, लोगोचं चित्र नाही, एकही लिंक नाही.

‘ब्रिटनमध्ये आमचं गिऱ्हाईक नाही’ या वाक्यावर आण्णा अडून बसले. “आपणच आपली उणीव सांगायची?” मी म्हणाले, तो विचारणारच आहे आणि तेव्हा चाचरत सांगण्यापेक्षा हे बरं. शिवाय या एका खऱ्या वाक्याने बाकीच्या वाक्यांना वजन येतं. शेवटी ते वाक्य राहिलं.

चार आठवड्यांची मुदतही अशीच भांडून ठरली. आण्णांनी आधी ‘डिलिव्हरी चार आठवडे’ असं लिहिलं होतं. वाचणारा ते आपल्या गोदामात चार आठवडे असं समजला असता. न्हावा-शेवाहून निघालेला कंटेनर इंग्लंडला पोचायला बरेच आठवडे घेतो. 2023 च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे अनेक जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली, तेव्हा तर आणखी दिवस वाढले. मुदत कुठपर्यंतची हे लिहिलं नाही तर पहिल्याच ऑर्डरला आपण खोटे ठरतो.

दर मुद्दाम दिला नाही. किती नग, कोणती मापं, पॅकिंग कसं, माल बंदरापर्यंत द्यायचा की त्याच्या दारापर्यंत, हे ठरल्याशिवाय दिलेला आकडा नंतर गळ्यात अडकतो. तुम्ही सांगितलेला पहिला दर समोरचा कायमचा कमाल दर धरून चालतो. फुकट नमुने पाठवण्याचीही आण्णांना घाई होती, मी ती थांबवली. न मागता आलेलं पार्सल म्हणजे त्या माणसाला कस्टमची कागदपत्रं आणि कर निस्तरायचं नवं काम.

पहिल्या मेलला उत्तर आलं नाही. हे नेहमीचं आहे. सहा कामाचे दिवस थांबून त्याच मेलखाली आम्ही दुसरा पाठवला, फक्त तीन ओळींचा. ‘माझा आधीचा मेल मिळाला का’ असं त्यात विचारलं नाही. एक छोटा फोटो जोडला. त्यात 6 इंची सांध्यावर ओतलेला हीट नंबर होता आणि शेजारी त्याच नंबरचं प्रमाणपत्र, मॉलिब्डेनमच्या ओळीवर बोट ठेवलेलं.

हा फोटो का, ते सांगायला हवं. भट्टीत एका वेळी वितळवलेल्या धातूला ‘हीट’ म्हणतात. त्या हीटचा नमुना तपासून त्यातले घटक प्रमाणपत्रावर लिहितात. 316 जातीच्या ओतीव स्टीलमध्ये मॉलिब्डेनम 2 ते 3 टक्के असतं, 304 मध्ये ते घातलेलं नसतं. दिसायला दोन्ही सारखी चकचकीत, पण क्षारांपुढे आणि रसायनांपुढे 304 लवकर हार खातं. स्वस्त म्हणून 304 ला 316 म्हणून खपवण्याचे प्रकार या धंद्यातल्या सगळ्यांना ठाऊक आहेत. हातात धरायच्या तपासणी यंत्राने दोन्हींतला फरक काही सेकंदांत कळतो. नगावरचा नंबर आणि कागदावरचा नंबर एकच असेल, तर कारखान्यात शिस्त आहे असं धरायला जागा असते. ‘आम्ही उत्तम दर्जा देतो’ या वाक्याची जागा त्या फोटोने घेतली.

दोन दिवसांनी उत्तर आलं. चार शब्द: ‘गुरुवार. दीड वाजता. चालेल.’

आण्णांनी लगेच भिंतीवरच्या कॅलेंडरवर संध्याकाळचे सहा लिहिले. तो ऑक्टोबरचा शेवट होता आणि गुरुवार नोव्हेंबरमधला. ब्रिटनमध्ये ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात. उन्हाळ्यात आपण त्यांच्या साडेचार तास पुढे असतो, हिवाळ्यात साडेपाच. म्हणजे त्यांचा दीड हा आता आपला सात. आण्णा सहाला बसले असते, अर्धा तास वाट पाहून ‘बघा, आलाच नाही’ म्हणत जेवायला गेले असते. आम्ही कॅलेंडरचं निमंत्रण लंडनची वेळ निवडून पाठवलं आणि भिंतीवरचा आकडा खोडला.

कॉलआधी आण्णांनी कंपनीची ओळख पाठ करून ठेवली होती, ती मी त्यांना विसरायला लावली. त्याऐवजी तीन प्रश्न कागदावर लिहून दिले. कोणतं माप सर्वांत जास्त जातं? सध्याच्या मालात काय त्रास होतो? नवा पुरवठादार घ्यायचा तर तुम्ही काय काय तपासता?

कॉल सतरा मिनिटं चालला. 6 इंचावर त्या गृहस्थांनी जेमतेम एक मिनिट घालवलं. त्यांचा खरा माल 2 इंच, आणि तक्रार होती कानांच्या खिळ्यांची. सध्याच्या पुरवठादाराच्या मालात ते ढिले होतात. आण्णांना आपल्या घरचा विषय मिळाला. खिळा कसा बसवतात, भोक किती घट्ट ठेवतात, हे त्यांनी मोडक्यातोडक्या इंग्रजीत पण न थांबता सांगितलं. सी आणि ई प्रकारांत आटे कुठे येतात, असं समोरच्याने मध्येच विचारलं. येत नाहीत, त्यांना नळीचीच शेपटी असते, हे आण्णांनी बरोबर सांगितलं. मला वाटतं, तो प्रश्न परीक्षा घेण्यासाठीच होता.

ऑर्डर मिळाली नाही. दर विचारला गेला, त्याला दोन दिवसांत लेखी देतो म्हणून सांगितलं आणि दिला. यादीतल्या बाकी आठांना वेगवेगळी पत्रं गेली. त्यांतल्या दोघांनी नको म्हणून कळवलं, पाच गप्प राहिले, एकाने मार्चनंतर बोलू म्हटलं. गप्प राहिलेल्यांना तिसरा मेल पाठवून आम्ही थांबलो.

मिडलँड्सच्या गृहस्थांनी पुढच्या आठवड्यात 2 इंची सी आणि ई प्रकारांचे सहा-सहा नग मागवले, हीट नंबर आणि प्रमाणपत्रासह. नमुन्याचे आणि कुरिअरचे पैसे त्यांनी आगाऊ भरले.